मी उठतो, की उठवतो?

पुण्यात संध्याकाळी मी स्पॅनिश शिकवते. वर्गात दहा-बारा जण असतात. बरेचसे विशीतले, आणि एक निवृत्त बँक अधिकारी. त्यांना सगळे काका म्हणतात, म्हणून मीही म्हणते. दुसऱ्या महिन्यात 'माझी सकाळ' हा विषय लिहायला द्यायचा, हा जगभरच्या भाषावर्गांचा रिवाज. काकांनी सुवाच्य अक्षरात सात वाक्यं लिहून आणली. उच्चाराप्रमाणे देवनागरीत मांडते. स्पॅनिशमधला 'व' ओठ मिटून 'ब'सारखा म्हणतात, म्हणून 'ब'च लिहिते. त आणि द मात्र आपल्यासारखेच दंत्य.

देस्प्येर्तो आ लास सिन्को. लेबान्तो आ लास सेय्स. लाबो मिस द्येन्तेस. बान्यो. पोंगो ला कामिसा. मे देसायुनो पोहे. बोय आल पार्के.

काकांच्या मनात होतं ते असं: पाचला जागा होतो. सहाला उठतो. दात घासतो. अंघोळ करतो. सदरा घालतो. पोहे खातो. बागेत जातो.

एखाद्या स्पॅनिश माणसाने हे ऐकलं तर त्याच्या डोळ्यांसमोर काय उभं राहील? पहिल्या वाक्याशी तो जरा थबकेल, कारण 'देस्प्येर्तो'चा एक अर्थ 'जागं करतो' असाही आहे. म्हणजे पाचला हे गृहस्थ कुणाला तरी उठवत असावेत. दुसरं वाक्य: सहाला ते काहीतरी उचलतात. काय उचलतात, हे सांगितलेलं नाही. तब्येत बघता वजनं असावीत. मग ते आपले दात धुतात. शब्दांची ठेवण अशी की कवळी हातात घेऊन नळाखाली धरली आहे असं वाटावं. त्यानंतर नुसतं 'बान्यो'. या शब्दाचा रोजचा अर्थ न्हाणीघर किंवा संडास, त्यामुळे वाक्य न होता दारावरची पाटी झाली. मग ते सदरा कुठेतरी ठेवतात, पोहे खातात आणि बागेत जातात. अर्थात उघड्या अंगाने.

वर्ग हसला, काकाही हसले. पण हसून झाल्यावर त्यांनी विचारलं ते महत्त्वाचं होतं. "मॅडम, मग पोह्यांच्या वाक्यात मी 'मे' घातलाय, तिथे तुम्ही तो खोडलात. आणि बाकी ठिकाणी नव्हता तिथे घातलात. हे काय आहे?"

हेच आज सांगायचं आहे.

आधी हा 'मे' म्हणजे काय नव्हे ते बघू. तो 'मी' नव्हे. मराठी कानाला तो अगदी तसाच ऐकू येतो, आणि काकांनी पोह्यांच्या वाक्यात तो त्याच समजुतीने घातला होता. स्पॅनिशमध्ये 'मी' हा अर्थ क्रियापदाच्या शेवटच्या 'ओ'मध्येच असतो. 'लेबान्तो' म्हटलं की कर्ता मी, हे ठरलं. आपणही 'येतो हं' म्हणून बाहेर पडतो, 'मी' म्हणत नाही. 'मे' म्हणजे 'मला'. तो कर्ता बदलला की बदलतो: तू असशील तर 'ते', तो-ती-ते असतील तर 'से', आपण असू तर 'नोस'. मे लेबान्तो, मी उठतो. ते लेबान्तास, तू उठतोस. से लेबान्ता, ती उठते. नोस लेबान्तामोस, आम्ही उठतो. मान देऊन 'तुम्ही' म्हणायचं असेल तर तिथेही 'से'च येतो, कारण स्पॅनिशमध्ये आदरार्थी माणसाला तृतीय पुरुषाचं क्रियापद लावतात. शब्दकोशात अशी क्रियापदं शेवटी 'से' जोडून छापलेली असतात: लेबान्तार्से. या क्रियापदांना व्याकरणात आत्मवाचक म्हणतात.

आत्मवाचक म्हटलं की शिकणाऱ्याला वाटतं, 'मे' म्हणजे 'स्वतःला'. पुस्तकंही तसंच सांगतात, कारण ती बहुधा इंग्रजीतून लिहिलेली असतात. एखाद्या वाक्यात ते चालतंही. मे मिरो एन एल एस्पेखो, मी स्वतःला आरशात पाहतो. पण 'मी सहा वाजता स्वतःला उठवतो' असं कोणता मराठी माणूस म्हणेल? म्हटलंच तर थंडीच्या दिवसांत आणि विनोदाने. स्पॅनिश माणसालाही 'मे लेबान्तो' म्हणताना स्वतःच्या दंडाला धरून ओढल्याची भावना होत नसते. तो फक्त उठतो.

मी काकांना म्हटलं, "इंग्रजी बाजूला ठेवा. 'उठतो' आणि 'उठवतो' यांत फरक काय?"

"एक 'व'."

बरोबर. मराठीत 'उठ' हा मूळ धातू. त्यात माणूस आपलाआपण उठतो. दुसऱ्याला उठवायचं तर 'व' लावून 'उठव' करतो. शाळेच्या व्याकरणात आपण याला प्रयोजक क्रियापद म्हणून शिकलो. बस, बसव. निज, निजव. साडी नेस, नेसव. स्पॅनिशमध्ये गणित नेमकं उलटं आहे. तिथे मूळ क्रियापदच 'व'वालं असतं. लेबान्तार म्हणजे उठवणं किंवा उचलणं. सेन्तार म्हणजे बसवणं. आकोस्तार म्हणजे निजवणं. आई बाळाला निजवते तेव्हा नुसतं 'आकोस्तार' पुरतं. तीच आई दमून आडवी झाली की मात्र 'से' लागतो: से आकुएस्ता. आपण दुसरा माणूस आणण्यासाठी एक अक्षर घालतो, ते दुसरा माणूस काढून टाकण्यासाठी एक अक्षर घालतात.

हे एकदा ध्यानात आलं की काकांची चूक म्हणजे 'व'ची चूक होती हे दिसतं. त्यांनी 'मी सहाला उठवतो' असं लिहिलं होतं. मराठीत असं वाक्य ऐकलं की आपणही विचारू, "कुणाला?" स्पॅनिश माणसाचाही प्रश्न तोच. इंग्रजीत ही फोड क्रियापदाच्या अंगावर बहुधा दिसत नाही, म्हणून इंग्रजीच्या वाटेने स्पॅनिशला जाणारा इथे हमखास अडखळतो. मराठीच्या वाटेने जाणाऱ्याला अडखळायचं खरं तर कारण नाही.

अंघोळीचं बघा. आपण अंघोळ करतो आणि बाळाला अंघोळ घालतो. इथे 'व' नाही, पण 'करणे' आणि 'घालणे' यांनी तेच काम वाटून घेतलं आहे. स्पॅनिशमध्ये 'बान्यो आल निन्यो' म्हणजे मुलाला अंघोळ घालतो, आणि 'मे बान्यो' म्हणजे अंघोळ करतो. काकांच्या नुसत्या 'बान्यो'ला 'मे' लावला की ती पाटी पुन्हा वाक्य होते. सदऱ्याचंही तसंच. पोनेर म्हणजे ठेवणं. सदरा खुर्चीवर ठेवला तर 'पोंगो ला कामिसा एन ला सिय्या'. तोच सदरा स्वतःवर ठेवला, म्हणजे अंगात घातला, तर 'मे पोंगो ला कामिसा'. मराठीने इथे दोन निराळी क्रियापदं वापरली, स्पॅनिशने एकाच क्रियापदावर 'मे'चा दिवा लावला.

आता दात. काकांच्या सात वाक्यांत हेच सर्वांत शिकण्यासारखं होतं, म्हणून जरा थांबते.

त्यांनी लिहिलं होतं 'लाबो मिस द्येन्तेस', धुतो माझे दात. व्याकरणात चूक काहीच नाही, आणि तरीही कुणी असं म्हणत नाही. म्हणतात ते 'मे लाबो लोस द्येन्तेस'. शब्दाला शब्द लावला तर: मला धुतो ते दात. दात कुणाचे हे 'माझे' या शब्दाने सांगायचंच नाही, ते काम 'मे'ने आधीच केलं आहे. हात, तोंड, केस, नखं, सगळ्यांना हाच नियम. मे लाबो ला कारा, तोंड धुतो. मे पेय्नो एल पेलो, केस विंचरतो.

'मला धुतो ते दात' वाचून कुणाला हसू येईल, पण आपल्याकडे हे नाही असं समजू नका. आजी नातीला वेणी घालते. वेणी नातीच्या केसांची, तरी आपण 'नातीला' म्हणतो. डॉक्टर जखमेला टाके घालतात, पण माणूस सांगतो "मला चार टाके घातले". कातडी कुणाची, हा प्रश्नच उद्भवत नाही. शरीराच्या भागावर काही केलं की ते माणसालाच केलं, असं दोन्ही भाषा मानतात. स्पॅनिशमध्ये मुलाचे हात धुतले तरी 'मुलाला हात धुतले' अशा धाटणीचं वाक्य येतं: ले लाबो लास मानोस. 'ले' म्हणजे त्याला. 'ले'च्या जागी 'मे' आला की हात माझे. इतकं सरळ आहे.

आणि मराठीतही आपण 'मी माझे दात घासतो' म्हणत नाही. 'दात घासतो' म्हणतो. 'माझे' घातलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, आजवर दुसऱ्याचे घासत होता की काय. काका मराठीत कधीच असं बोलले नसते. इंग्रजीतून विचार करताना मात्र 'माझे' आपोआप आलं, कारण इंग्रजीला तो शब्द वाक्यात लागतोच.

दाढीपाशी मात्र मराठी थोडी कमी पडते. 'न्हावी दाढी करतो' या वाक्यात न्हावी कुणाची दाढी करतो? संदर्भ नसेल तर सांगता येणार नाही. आफेय्तार म्हणजे दुसऱ्याची करणं, आफेय्तार्से म्हणजे आपली करणं, एवढ्यात स्पॅनिशचं भागतं. बर्ट्रंड रसेलच्या नावाने ओळखलं जाणारं एक कोडं आहे: गावात जे स्वतःची दाढी करत नाहीत, त्या सगळ्यांची आणि फक्त त्यांचीच दाढी करणारा न्हावी स्वतःची करतो का? हे कोडं स्पॅनिशमध्ये एका 'से'वर तोलून उभं राहतं. मराठीत दर वेळी 'स्वतःची' म्हणावं लागतं.

केस कापण्याच्या बाबतीत उलट दोन्ही भाषा सारख्याच ढिल्या आहेत, आणि मला हे फार आवडतं. मे कोर्ते एल पेलो, शब्दशः 'मी माझे केस कापले'. प्रत्यक्षात कात्री केशकर्तनालयातल्या माणसाच्या हातात होती. आपणही विचारतो, "अरे, केस कापलेस?" आणि तो "हो" म्हणतो. कात्री कुणी चालवली ते महत्त्वाचं नाही, डोकं कुणाचं हलकं झालं ते महत्त्वाचं.

इथे शाळेत संस्कृत घेतलेल्यांच्या डोक्यात एक शब्द वाजला असेल: आत्मनेपद. तो वाजलाच पाहिजे. परस्मैपद म्हणजे दुसऱ्यासाठीचं पद, आत्मनेपद म्हणजे आपल्यासाठीचं. रूपं पाठ करताना या नावांचा अर्थ आपल्याला क्वचितच कुणी सांगितला. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात पाणिनीने सांगितलं आहे की काही विशिष्ट धातूंना, क्रियेचं फळ करणाऱ्यालाच मिळत असेल, तेव्हा आत्मनेपदाचे प्रत्यय लागतात. यजमान स्वतःच्या फळासाठी यज्ञ करतो तेव्हा 'यजते', पुरोहित दुसऱ्यासाठी करतो तेव्हा 'यजति'. स्वयंपाकी मालकासाठी रांधतो, पचति. आपल्यापुरतं रांधलं की पचते. क्रिया तीच, फळ कुणाच्या पदरात पडलं यावर रूप ठरतं. प्रत्यक्ष साहित्यात हा भेद नेहमीच काटेकोर पाळलेला दिसत नाही, आणि पुष्कळ धातू निव्वळ रूढीने एका पदात अडकलेले आहेत. पण कल्पना तीच. स्पॅनिशचा 'से' लॅटिनमधून आला, आणि त्याचं मूळ आणि आपल्या 'स्व'चं मूळ एकच आहे. म्हणजे काकांच्या वहीत मी लाल पेनाने जे घातलं ते अगदीच परकं नव्हतं.

मराठीत आत्मनेपद उरलं नाही, पण फळाचा हिशेब भाषेने सोडलेला नाही. तो 'घेणे' आणि 'देणे' यांच्याकडे गेला. "डबा भरून घे" आणि "डबा भरून दे". "आवरून घे लवकर." सकाळच्या वेळी कोणत्याही मराठी घरात कान दिला तर हा 'घे' किती वेळा ऐकू येतो ते मोजून बघा.

आता पोहे. तिथला 'मे' मी का खोडला? 'देसायुनार' या क्रियापदाचा शब्दशः अर्थ उपास सोडणं, आपल्या पारण्यासारखा. न्याहारी आपलीआपणच करतो, दुसऱ्याला 'न्याहारणं' असं काही नसतं. इथे काढून टाकायला दुसरा माणूसच नाही, म्हणून साधारणपणे 'से' लागत नाही. नुसतं 'देसायुनो पोहे'. बागेत जाण्याचंही तेच. 'जाणे'मध्ये मुळात 'व' नाही, म्हणून 'बोय आल पार्के' बरोबर होतं. काकांना सातांपैकी एक वाक्य निर्दोष मिळालं आणि ते त्यांनी वर्गाला दोनदा वाचून दाखवलं.

पण शिक्षिकेने प्रामाणिक राहायचं तर पुढचंही सांगायला हवं. 'बोय'ला 'मे' लागतो. मे बोय म्हणजे जातो नव्हे, निघतो. बागेत पोचण्यावर भर असेल तर 'बोय', घरातून पाय काढण्यावर असेल तर 'मे बोय'. दोर्मीर म्हणजे झोपणं, दोर्मीर्से म्हणजे झोप लागणं. कोमेर म्हणजे खाणं, कोमेर्से म्हणजे खाऊन टाकणं, फडशा पाडणं. इथे 'व'ची किल्ली चालत नाही. इथला 'मे' क्रिया सुरू झाली किंवा पुरती संपली हे सांगतो, आणि त्याच्या जागी मराठीत आपण 'निघणे', 'लागणे', 'टाकणे' असे शब्द आणतो. शिवाय पहिल्या वाक्यातलं 'देस्प्येर्तो' 'मे'शिवायही काही जण 'जागा होतो' या अर्थाने वापरतात. म्हणून तिथे मी काकांना अर्धीच चूक लावली. आणि तक्रार करणं, केखार्से, हे क्रियापद 'से'शिवाय सापडतच नाही. ते पाठच करायचं.

सकाळच्या गडबडीतलं एक वाक्य अजून राहिलं, माझ्या सगळ्यांत आवडीचं. चहाचा कप खाली पडून फुटतो. रोम्पेर म्हणजे फोडणं, रोम्पेर्से म्हणजे फुटणं; आपल्या फोड-फुट जोडीसारखंच. पण चुकून फुटला असेल तर स्पॅनिश माणूस 'मी कप फोडला' असं सहसा म्हणत नाही. तो म्हणतो 'से मे रोम्प्यो ला तासा'. कप आपलाआपण फुटला, आणि ते मला घडलं. काकांना हे समजावायला मला एक शब्दही खर्च करावा लागला नाही. ते लगेच म्हणाले, "म्हणजे, माझ्या हातून कप फुटला." विसरण्याचंही तसंच: से मे ओल्बिदो, मला विसर पडला. दोष पूर्ण अंगावर घ्यायचा नाही आणि पूर्ण झटकायचाही नाही, अशी मधली जागा दोन्ही भाषांनी राखून ठेवली आहे. इंग्रजी पुस्तकांत या रचनेला स्वतंत्र धडा असतो आणि विद्यार्थी तिथे रडकुंडीला येतात.

पुढच्या आठवड्यात काकांनी वही पुन्हा आणली. मे देस्प्येर्तो आ लास सिन्को. मे लेबान्तो आ लास सेय्स. मे लाबो लोस द्येन्तेस. मे बान्यो. मे पोंगो ला कामिसा. देसायुनो पोहे. बोय आल पार्के. शेवटी एक वाक्य नवं होतं: लेबान्तो आ मि न्येतो. नातवाला उठवतो. इथे मुद्दाम 'मे' घातला नव्हता, आणि समासात बारीक अक्षरात मराठीत लिहिलं होतं: 'व' आहे.

स्पॅनिश शिकत असाल तर एवढं करून बघा. क्रियापदाच्या शेवटी 'से' दिसला की तो बोटाने झाका आणि उरलेल्याचा मराठी अर्थ म्हणा. त्यात 'व' आला, किंवा 'घालणे', 'करवणे' असं दुसऱ्याला करण्याचं काही आलं, तर बोट काढल्यावर ते गाळलेलं रूप तुमचं. नाही आलं, तर ते क्रियापद वहीच्या मागच्या पानावर वेगळं लिहा. सकाळच्या कामांपुरतं ते पान फार भरत नाही.